साहेब, जरा विचारायचं होतं

सांगलीहून रात्री निघालेली एसटी सकाळी स्वारगेट आगारात शिरते. उतरलेला माणूस पिशवी सावरत फाटकाबाहेर येतो आणि समोर जेधे चौक पसरलेला असतो. डोक्यावर उड्डाणपूल, एका अंगाला सातारा रस्ता, दुसऱ्या अंगाला शंकरशेठ रस्ता, समोर सारसबागेकडे आणि पेठांकडे जाणाऱ्या वाटा, आणि या सगळ्यातून न थांबणारी वाहने. पाटीवर ‘देशभक्त केशवराव जेधे चौक’ असे लिहिलेले असते, पण रिक्षावाल्यापासून भाजीवालीपर्यंत सगळे त्याला स्वारगेटच म्हणतात. नवख्या माणसाची नजर साहजिकच पांढरा शर्ट आणि खाकी पँट घातलेल्या वाहतूक पोलिसाकडे जाते. तो तिथल्या वाटा रोज पाहत असतो आणि गणवेशात असल्यामुळे लांबून ओळखू येतो.

तरीही अनेकांचे त्याच्याशी बोलणे पहिल्याच वाक्यात फिसकटते. कोणी चालत्या स्कूटरवरून ओरडून विचारतो, कोणी पाठीमागून खांद्याला हात लावतो, कोणी ‘ओऽऽ मामा’ अशी आरोळी ठोकतो. पोलीस मान न वळवता हात कुठेतरी उडवतो आणि विचारणारा ‘यांना साधं सांगता येत नाही’ असे पुटपुटत चुकीच्या दिशेला निघतो. यात दोष नेहमी पोलिसाचा नसतो. हाक कधी मारली, कोणत्या शब्दाने मारली आणि प्रश्न कसा मांडला, या तीन गोष्टींवर पुढचे सगळे अवलंबून असते.

आधी हाकेची वेळ पाहू. चौकातला पोलीस उभा दिसतो म्हणजे तो मोकळा आहे असे नाही. त्याचा एक हात वर आणि तळवा समोर असेल, तर त्या हाताने त्याने समोरून येणारी रांग रोखून धरलेली असते. शिटी तोंडात असेल, तर त्याला उत्तर देताच येत नाही. नजर एका बसवर खिळलेली असेल, तर त्या बसला वळायला जागा करून देणे हे त्याचे त्या घडीचे काम असते. अशा वेळी मारलेली हाक त्याला ऐकू येते, पण तिच्याकडे लक्ष दिले तर चौक तुंबतो. म्हणून तो ती सोडून देतो आणि हाक मारणाऱ्याला तो उद्धट वाटतो.

सिग्नल बदलला, एका बाजूची वाहने वाहती झाली, की त्याला थोडी उसंत मिळते. तो शिटी खाली घेतो, दोन पावले कडेला सरकतो, घाम पुसतो किंवा जोडीदाराशी एखादा शब्द बोलतो. विचारायची वेळ ती. चौकात दोघेतिघे असतील, तर मधोमध उभ्या असलेल्याला सोडून कडेला किंवा चौकीजवळ असलेल्याला विचारावे. मधल्या पोलिसापर्यंत जाण्यासाठी वाहनांच्या धारेतून धावत जाणे हा तर शुद्ध जिवाशी खेळ आहे, आणि असा माणूस धावत आला की पोलिसाला आधी त्यालाच सांभाळावे लागते.

दुचाकी किंवा गाडी चालवणाऱ्याने चौकात ब्रेक दाबून विचारू नये. मागची पन्नास वाहने हॉर्न वाजवू लागतात आणि पोलीस उत्तराऐवजी ‘पुढं घ्या, पुढं घ्या’ एवढेच म्हणतो. त्याच्या जागी कोणीही तेच म्हणेल. चौक ओलांडून पुढे जावे, कडेला जिथे अडथळा होणार नाही अशी जागा पाहून गाडी लावावी, इंजिन बंद करावे आणि चालत परत यावे. डोक्यावरचे हेल्मेट काढून हातात घ्यावे. पुण्यात ऊन आणि धूळ यांपासून बचाव म्हणून चेहऱ्याभोवती ओढणी किंवा स्कार्फ गुंडाळून गाडी चालवणाऱ्या मुली पुष्कळ आहेत. बोलताना तोंडावरची घडी तेवढी खाली घेतली तर आवाज नीट पोहोचतो. दिवसभर हॉर्न ऐकून कान किटलेल्या माणसाला ओठ दिसले की शब्द कळायला सोपे जातात.

आता हाकेचा शब्द. पुण्यात वाहतूक पोलिसाला ‘मामा’ म्हणायची जुनी रीत आहे. मित्रामित्रांत ‘पुढं मामा उभेत’ असे सर्रास बोलले जाते. काही पोलिसांना ती हाक जवळिकीची वाटते, विशेषतः शाळकरी मुलांच्या तोंडून आली तर. पण मोठ्या माणसाने, त्यातही हेल काढून ‘ओ मामा’ म्हटले, तर त्यात टवाळीचा वास येतो. ‘पांडू’ हा शब्द तर तोंडावर काढूच नये. दादा कोंडके यांचा ‘पांडू हवालदार’ हा चित्रपट १९७५ साली आला. त्यातला हवालदार प्रेक्षकांनी प्रेमाने डोक्यावर घेतला, पण रस्त्यावर हा शब्द हिणवायलाच वापरला जातो, आणि गणवेशातल्या माणसाला तो पुरेपूर कळतो.

बिनधोक शब्द ‘साहेब’. शिपाई असो की निरीक्षक, तो कोणालाही चालतो. बाहीवर तीन फिती दिसल्या तर तो हवालदार, खांद्यावर तारे दिसले तर अधिकारी, एवढी ओळख असली तर चांगलेच. पण वाट विचारणाऱ्याला हुद्दा ओळखता आलाच पाहिजे असे नाही. ‘हवालदारसाहेब’ ही हाकही ग्रामीण भागातून आलेले लोक मारतात आणि ती कानाला छान लागते. अडचण एवढीच, की खांद्यावर तारे असलेल्या अधिकाऱ्याला हवालदार म्हटले तर हुद्दा खाली ओढल्यासारखे होते. महिला पोलिसाला ‘मॅडम’ म्हणावे. तिच्यापेक्षा वयाने बऱ्याच मोठ्या बाईने ‘ताई’ किंवा ‘बाळा’ म्हटले तर ते गोड लागते. पुरुषाने मात्र ‘मॅडम’वरच राहावे.

छातीवर नावाची पट्टी असते. ती वाचता आली तर ‘पाटीलसाहेब’ किंवा ‘शिंदेसाहेब’ अशी हाक मारता येते. दिवसभर ‘ओ’, ‘हॅलो’ आणि ‘शुक शुक’ ऐकणारा माणूस आपले आडनाव कानावर पडले की थबकतोच. फक्त पट्टीवर आडनाव शेवटी असते हे ध्यानात ठेवावे. घाईत पहिले नाव उचलून ‘सुनीलसाहेब’ म्हटले की विचित्र वाटते.

हाकेच्या जोडीला ‘नमस्कार’ पुरेसा आहे. खेड्यातून आलेल्या माणसाने ‘रामराम साहेब’ म्हटले तरी काही बिघडत नाही. पोलीस आपापसांत ‘जय हिंद’ म्हणतात; कोणी नागरिकानेही तसे म्हटले तर त्याला तसेच उत्तर मिळते, पण त्यासाठी ताठ उभे राहून सलाम ठोकायची गरज नाही. हातात पिशव्या असतील तर हात जोडायलाही नकोत. मान किंचित लववून म्हटलेला नमस्कार पोहोचतो.

त्यानंतर येते ते मराठीतले एक सुंदर वळण: ‘जरा विचारायचं होतं.’ विचारायचे आत्ता आहे, पण बोलतो भूतकाळात. या ‘होतं’मुळे प्रश्न अंगावर येत नाही, समोरच्याला हो किंवा थांबा म्हणायला जागा राहते. ‘मला सांगा’ आणि ‘जरा सांगता का?’ यांत एवढाच फरक आहे आणि तो मोठा आहे. पुणेकर तुटक बोलतात अशी त्यांची ख्याती असली, तरी ‘अहो साहेब, एक मिनिट, जरा विचारायचं होतं’ हे वाक्य खास इथल्या रस्त्यावरचेच आहे. ‘अहो’ तेवढे ‘अरे’ होऊ देऊ नये, आणि पोलीस मुलाच्या वयाचा दिसला तरी ‘तू’वर येऊ नये.

आता प्रश्न. स्वारगेटला सर्वांत जास्त गोंधळ होतो तो ‘स्टँड कुठंय?’ या दोन शब्दांनी. इथे एसटीचा स्टँड आहे, पीएमपीच्या गाड्यांचे स्थानक आहे, मेट्रोचे भुयारी स्थानक आहे आणि रिक्षांचेही स्टँड आहेत. ‘स्टेशन’ म्हटले तर गोंधळ आणखी वाढतो, कारण विचारणाऱ्याच्या मनात पुणे रेल्वे स्टेशन असते आणि ऐकणाऱ्याला पायाखालची मेट्रो आठवते. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोमार्ग २९ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाला, तेव्हापासून हा घोळ ठरलेलाच. म्हणून पहिल्याच वाक्यात ‘एसटी’, ‘पीएमपी’, ‘मेट्रो’ किंवा ‘रेल्वे’ यांपैकी एक शब्द आलाच पाहिजे. जुने लोक अजून ‘पीएमटी’ म्हणतात. २००७ साली पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र येऊन पीएमपी झाली तरी. तो शब्दही पोलिसाला बरोबर कळतो.

दुसरे, आपण चालत आहोत की गाडीवर, हे सांगायला हवे. स्वारगेटहून शनिवारवाड्याकडे जाणारा शिवाजी रस्ता आणि तिकडून या बाजूला येणारा बाजीराव रस्ता हे दोन्ही एकेरी आहेत. मंडईला पायी जाणाऱ्याला पोलीस एक वाट सांगेल आणि चारचाकीवाल्याला दुसरी. ‘साहेब, दगडूशेठला जायचंय’ एवढेच ऐकून त्याने पायी जाणाऱ्याची वाट सांगितली आणि विचारणारा गाडी घेऊन उलट्या दिशेने शिरला, तर पुढच्या चौकात दंड भरायची पाळी येते. गणेशोत्सवात तर मध्य पुण्यातले कितीतरी रस्ते वाहनांना बंद असतात. कोणता कधी बंद आणि वळसा कुठून, हे त्या दिवशी चौकात उभ्या असलेल्या पोलिसाला मोबाइलमधल्या नकाशापेक्षा खात्रीने ठाऊक असते.

एक प्रसंग सविस्तर पाहू. समजा, सांगलीहून एक आजोबा नातवाला घेऊन आले आहेत. त्यांना धनकवडीला भारती हॉस्पिटलमध्ये सकाळी दहाला पोहोचायचे आहे. सोबत एक पिशवी, एक फाइल आणि खिशात चिठ्ठी. ते फाटकाबाहेर येतात आणि पहिल्या पोलिसाला विचारतात, ‘हॉस्पिटल कुठं आलं?’ पोलीस विचारतो, ‘कुठलं हॉस्पिटल?’ आजोबा चिठ्ठी शोधू लागतात. तेवढ्यात सिग्नल बदलतो आणि पोलीस वळतो. संवाद संपला. कोणीच उद्धट वागलेले नाही आणि कोणाचेच काम झालेले नाही.

तेच दुसऱ्या पद्धतीने करू. आजोबा आधी फाटकाच्या आतच, सावलीत, चिठ्ठी काढून नाव वाचून घेतात. मग कडेला उभ्या असलेल्या पोलिसाजवळ जातात, पण त्याच्या पुढ्यात उभे राहत नाहीत. पुढ्यात उभे राहिले की त्याला चौक दिसेनासा होतो आणि तो मान वाकडी करून यांच्या खांद्यावरून पाहू लागतो. आजोबा त्याच्या बाजूला, त्याच दिशेला तोंड करून उभे राहतात. म्हणतात, ‘रामराम साहेब. जरा विचारायचं होतं. भारती हॉस्पिटलला जायचंय, पीएमपीनं. कात्रजची गाडी कुठून मिळेल?’

या एवढ्या बोलण्यात चार गोष्टी आल्या: जायचे कुठे, कशाने, तिकडे जाणारी गाडी कोणत्या दिशेची आणि नेमके हवे काय. भारती हॉस्पिटल सातारा रस्त्यावर कात्रजच्या अलीकडे आहे, आणि कात्रजकडच्या गाड्या स्वारगेटहून सतत सुटतात. हॉस्पिटलचा पूर्ण पत्ता पोलिसाने सांगायची गरजच नाही. त्याला फक्त गाडीची जागा दाखवायची आहे. ते तो एका हाताने आणि तीन शब्दांत करू शकतो: ‘तिकडं, पीएमपीच्या स्टँडात.’ आजोबा त्याच दिशेला तोंड करून उभे असल्यामुळे त्याचे डावे-उजवे आणि आजोबांचे डावे-उजवे एकच असते. समोरासमोर उभे राहून वाट विचारणाऱ्यांची निम्मी चूक इथेच होते.

मग आजोबा ऐकलेले परत म्हणतात: ‘म्हणजे या भिंतीला धरून डावीकडं, पीएमपीचा स्टँड, अन् गाडी कात्रजची. बरोबर ना साहेब?’ पोलीस मान हलवतो. हे परत म्हणणे फार मोलाचे आहे, कारण चूक असेल तर ती इथेच, दोन सेकंदांत दुरुस्त होते. ‘बरं झालं साहेब, येतो’ म्हणून आजोबा निघतात. पुढे गाडीत बसल्यावर त्यांनी वाहकाला सांगायचे असते, ‘मास्तर, भारती हॉस्पिटलला उतरवा बरं का.’ एसटी आणि पीएमपीच्या वाहकाला ‘मास्तर’ म्हणायची पद्धत आपल्याकडे घट्ट रुजली आहे आणि तिच्यात आपोआप मान आहे. पद्मावती, बालाजीनगर मागे पडले की उतरायची तयारी करायची. सातारा रस्त्यावर बीआरटीचे थांबे रस्त्याच्या मधोमध आहेत, तेव्हा उतरून घाईने रस्ता ओलांडू नये, हे नातवाने सांभाळायचे.

पोलिसाला काय विचारू नये, तेही सांगायला हवे. फलटणची गाडी कोणत्या फलाटावर लागते, कोल्हापूरची पुढची एसटी किती वाजता आहे, नाशिकची गाडी इथून सुटते का, ही माहिती वाहतूक पोलिसाकडे नसते. ती एसटीच्या चौकशी खिडकीत किंवा वाहतूक नियंत्रकाकडे मिळते. लोक त्याला ‘कंट्रोलर’ म्हणतात. नाशिककडच्या गाड्या साधारणपणे शिवाजीनगर आगाराच्या, आणि ते आगार मेट्रोच्या कामामुळे वाकडेवाडीला हलले आहे. पुणे रेल्वे स्टेशनला मेट्रोने जायचे तर जिल्हा न्यायालय स्थानकात उतरून रामवाडीकडची मेट्रो पकडायची. हे मेट्रो स्थानकाच्या दारातला सुरक्षारक्षक नेमके सांगतो, कारण दिवसभर त्याला तेच विचारले जाते. ज्याचे जे काम, त्याला ते विचारले की उत्तर पूर्ण मिळते. नाहीतर पोलीस अंदाजाने काहीतरी सांगतो आणि मग त्याने चुकीचे सांगितले म्हणून त्यालाच बोल लावला जातो.

गणवेशातल्या माणसालाच विचारण्याचे एक कारण मात्र सगळ्यांहून वेगळे आणि गंभीर आहे. २५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे याच स्वारगेट आगारात फलटणच्या गाडीची वाट पाहत असलेल्या एका तरुणीशी एका अनोळखी माणसाने बोलायला सुरुवात केली. ‘ताई’ म्हणत त्याने तिला तिची गाडी दुसरीकडे उभी असल्याचे सांगितले, आवारात उभ्या असलेल्या एका बसकडे नेले आणि तिच्यावर अत्याचार केला. त्या तरुणीने काहीही चूक केली नव्हती. गोड शब्दावर विश्वास ठेवणे हा गुन्हा नाही. गुन्हा त्या माणसाचा. पण या घटनेतून एक नियम प्रत्येक प्रवाशाने, बाईने आणि पुरुषानेही, मनाशी पक्का करावा: वाट आपण निवडलेल्या माणसाला विचारायची, आपणहून वाट सांगायला आलेल्या माणसाच्या मागे जायचे नाही. ‘गाडी तिकडं लागलीय’ असे कोणी सांगितले, तर त्याला ‘बरं’ म्हणावे आणि चौकशी खिडकीत किंवा गणवेशातल्या माणसाकडे जाऊन तेच पुन्हा विचारावे. ‘साहेब, फलटणची गाडी बाहेर लागलीय म्हणतात, खरं का?’ यात त्या सांगणाऱ्याचा अपमान नाही. त्याचा हेतू साफ असेल तर त्याचे काही बिघडत नाही.

रात्री किंवा पहाटे आजूबाजूला गणवेश दिसलाच नाही तर ११२ लावावा. फोनवर आधी जागा सांगावी, मग अडचण: ‘स्वारगेट एसटी आगार, फलाट अमुक, एक माणूस मागं लागलाय.’ जागा आधी अशासाठी, की फोन मध्येच तुटला तरी पोलिसांना कुठे यायचे ते कळलेले असते. एरवी वाट विचारताना नमस्कार आधी येतो. संकटात मात्र नमस्कार, साहेब, माफ करा, यातले काहीही नको. आरोळी ठोकावी. चौकातला पोलीस तेव्हा वाहतूक सोडून धावतो, आणि धावायलाच हवे.

याच्याच उलट एक फसवणूक पुण्यातल्या ज्येष्ठांच्या वाट्याला पुन्हा पुन्हा येते. साध्या कपड्यांतले दोघे दुचाकीवर येतात, ‘आम्ही पोलीस आहोत, पुढं चोरी झालीय, अंगावरचे दागिने काढून रुमालात बांधून ठेवा’ म्हणतात, आणि रुमाल बांधून देण्याच्या निमित्ताने दागिने लंपास करतात. खरा पोलीस रस्त्यात दागिने काढायला सांगत नाही, आणि काढले तरी ते हातात घेऊन बांधून देत नाही. इथे ‘साहेब’ म्हणून मान द्यायची काही गरज नाही. ‘ओळखपत्र दाखवा, नाहीतर चौकीवर चला’ असे मोठ्याने म्हणावे. खऱ्या पोलिसाला त्या मागणीचा राग येत नाही. तोतया मात्र लगेच काढता पाय घेतो.

आता मोठ्या रस्त्यावरून आत, मुकुंदनगर किंवा महर्षीनगरच्या गल्ल्यांत जाऊ. तिथे पोलीस नसतो. तिथला जाणता माणूस म्हणजे सोसायटीच्या फाटकातला वॉचमन. कोणती इमारत कोणत्या बोळात, कोणत्या फाटकातून रिक्षा आत येते, जवळचे औषधाचे दुकान किती वाजता उघडते, हे त्याला पाठ असते. पण तो पोलिसासारखा रस्त्यावरचा नसतो. तो एका फाटकाला बांधलेला असतो. अनेक ठिकाणी त्याची पाळी बारा तासांची असते. ‘चला जरा, दाखवा’ म्हणून त्याला चार घरे पलीकडे ओढून नेले आणि मागे कोणी आत शिरले, तर नोकरी त्याची जाते. म्हणून त्याला फाटकातूनच हात करून सांगू द्यावे.

गाडीची काच अर्धी खाली करून, हॉर्न वाजवून त्याला बोलावणे ही या शहरातली नित्याची गोष्ट आहे आणि ती बंद व्हायला हवी. उतरून दोन पावले पुढे जावे. वयस्क दिसला तर ‘काका’, तरुण असेल तर ‘दादा’ किंवा ‘भाऊ’, बाई असेल तर वयाप्रमाणे ‘मावशी’ किंवा ‘ताई’. ‘ए वॉचमन’ ही हाक नाहीच. कामाचे नाव हाकेसाठी वापरले की माणूस त्या कामाएवढाच उरतो. ‘वॉचमनकाका’ म्हटले तरी तेवढ्यात फरक पडतो.

पुण्यातले कितीतरी वॉचमन उत्तर प्रदेश, बिहार किंवा नेपाळहून आलेले आहेत आणि त्यांच्याशी हिंदीत बोलावे लागते. इथे मराठी माणसाचा पाय एका जागी हमखास घसरतो. मराठीत ‘तुम्ही’ हा आदराचा शब्द, म्हणून त्याच्या जवळचा वाटतो तो ‘तुम’ आपण हिंदीत वापरतो. पण हिंदीत आदराला ‘आप’ लागतो. ‘तुम’ बरोबरीच्याला किंवा लहानाला. आपण मनात पूर्ण मान ठेवून ‘चाचा, तुम बताओ’ म्हणतो आणि त्या माणसाला तो अरेरावीचा सूर वाटतो. ‘भैया, ज़रा बताएँगे आप?’ एवढे जिभेवर बसवून घेतले तर बरेच गैरसमज टळतील. हिंदी जमत नसेल तर सावकाश मराठीत बोलावे. इथे राहिलेल्या वॉचमनला ‘तुम्ही’ कळते.

वॉचमनला विचारायचा क्रमही पोलिसाहून वेगळा असतो. पोलिसाला आपण कोण हे जाणून घ्यायचे नसते, वॉचमनला मात्र तेच आधी हवे असते. म्हणून इमारत शोधत असाल तर: ‘काका, नमस्कार. मी साताऱ्याहून आलोय. बी विंगमधे कुलकर्णींकडं जायचंय, ही तीच सोसायटी का?’ आपण कुठून आलो आणि कोणाकडे, हे आले की त्याचा चेहरा सैल होतो. नोंदवही पुढे केली तर नाव, वेळ, कोणाकडे, हे नीट अक्षरात लिहावे. वैतागून वाकडीतिकडी सही ठोकू नये. त्याने आत फोन लावून विचारले तर थांबावे. आणि ‘कुलकर्णी घरी आहेत का, त्यांचा नंबर द्या, ते कधी येतात?’ हे विचारूच नये. रहिवाशांची अशी माहिती न देणे हे त्याचे काम आहे. तो ‘माहीत नाही’ म्हणाला, तर ते माहीत असूनही त्याने तसे म्हणणेच योग्य आहे, आणि त्यावर हुज्जत घालणाऱ्याचेच चुकते.

त्याने पत्ता सांगितला, रिक्षा थांबवून दिली किंवा तहान लागली म्हणून आपल्या बाटलीतले पाणी दिले, तर त्याच्या हातात पाच-दहा रुपये कोंबू नयेत. आपल्याकडे मदतीची फेड पैशाने केलेली अनेकांना आवडत नाही. ‘बरं झालं काका तुम्ही होता, नाहीतर फिरतच बसलो असतो’ एवढे म्हटलेले त्याला पुरते. पोलिसाला तर पैसे देऊ करूच नयेत. तो सरळसरळ लाचेचा मामला होतो.

अपघात पाहिला असेल आणि पोलिसाला सांगायचे असेल, तर अनेकांना भीती वाटते, की नाव-पत्ता विचारतील, कोर्टाच्या चकरा मारायला लावतील. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १३४-अ आले. त्याखालच्या नियमांनुसार जखमीला मदत करणाऱ्यावर स्वतःचे नाव सांगायची सक्ती करता येत नाही. म्हणून स्वारगेटच्या पुलाखाली कोणी पडलेले दिसले तर लांबून बघत राहू नये. जवळच्या पोलिसाकडे जावे, ‘साहेब, पुलाखाली दुचाकीवाला पडलाय, रक्त येतंय’ असे सांगावे आणि जागा हाताने दाखवावी. नाव सांगायचे की नाही, हे सांगणाऱ्याने ठरवायचे.